येणे बाकीच्या रिपोर्टमधून वसुलीची यादी: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

काल एकादशी झाली. अण्णा रात्री उशिरा पंढरपूरहून परतले आणि आज कारखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या उधारीचं विचारलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा टॉवेलचा कारखाना छोटाच आहे. सुताचे पैसे लवकर द्यावे लागतात, टॉवेल मात्र ४५ दिवसांच्या उधारीवर जातो आणि ते ४५ दिवस प्रत्यक्षात किती होतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे येणं नक्की किती, कुणाकडे आणि किती जुनं, हा अण्णांचा रोजचाच प्रश्न.

सध्याची पद्धत अशी. हिशेबाचे काका महिनाअखेर टॅलीतून बिल्स रिसीव्हेबलचा रिपोर्ट छापून वसुलीच्या मामांच्या हातात देतात. मामा पेनाने खुणा करत फोन लावतात. रिपोर्ट बिलवार असल्यामुळे एकाच पार्टीची बिलं चार पानांवर विखुरलेली असतात, आणि मामांनी कधी कधी एकाच दुकानदाराला दिवसातून दोनदा फोन केला आहे. त्याहून वाईट म्हणजे ज्याने पैसे पाठवले आहेत त्यालाच तगादा जातो. मागच्या महिन्यात हुबळीच्या एका जुन्या पार्टीने अण्णांना फोन करून सुनावलं, “दीड लाख पाठवलेत, तरी तुमचा माणूस फेब्रुवारीचं बिल मागतोय.”

माझ्याकडे आलेलं काम: टॅलीच्या रिपोर्टवरून दर पंधरवड्याला एक यादी बनवायची. एका पार्टीला एक ओळ. एकूण येणं किती, त्यातलं मुदत उलटलेलं किती, किती दिवसांच्या गटात किती, आणि आज कुणाला फोन करायचा. कारखान्यात पायथन फक्त माझ्या मशीनवर आहे, म्हणून शेवटची यादी एक्सेलमध्येच द्यायची, मामांना तेवढंच उघडता येतं.

आज फक्त एक्सपोर्ट काढून बघितला. तारीख ३० जून २०२५.

८ जुलै, मंगळवार

काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की मला ताळा हवा. म्हणजे संड्री डेटर्सची ३० जूनची अखेर शिल्लक, ट्रायल बॅलन्समधून. ती ६१,८४,३०० रुपये. बिल्स रिसीव्हेबलची बेरीज ७४,२९,८००. फरक १२,४५,५००.

(या नोंदींतले आकडे गोल केले आहेत आणि पार्ट्या गावाच्या नावाने लिहिल्या आहेत.)

काकांना फरकाचं आश्चर्य वाटलं नाही. “तो असतोच गं,” म्हणाले. पण तो का असतो हे कळल्याशिवाय यादी बनवण्यात अर्थ नव्हता, म्हणून अर्धा दिवस त्यावरच गेला. तीन कारणं निघाली.

पहिलं, दोन लाख रुपये आपल्याला कुणाकडून येणे नाहीतच. एका सूत व्यापाऱ्याला आपण दिलेला ॲडव्हान्स आहे. त्याच्या खात्यात त्या संदर्भाची नावे बाकी दिसते आणि बिल्स रिसीव्हेबल हा रिपोर्ट खातं कुठल्या ग्रुपमधलं आहे हे न बघता नावे बाकी असलेला प्रत्येक संदर्भ उचलतो. मामांनी त्या सूत व्यापाऱ्याला वसुलीचा फोन केला नाही, कारण मामा त्याला ओळखतात. प्रोग्राम ओळखणार नाही.

दुसरं, ७,८६,००० रुपये ‘ऑन अकाउंट’ पडले आहेत. बँकेत पैसे आले, कुठल्या बिलापोटी आले हे पार्टीने कळवलं नाही, काकांनी रिसीट टाकताना बिलाचा संदर्भ दिला नाही. खात्याची शिल्लक कमी झाली, बिलं मात्र जशीच्या तशी उघडी राहिली. हे पैसे बिल्स रिसीव्हेबलमध्ये दिसतच नाहीत. हुबळीवाल्याचे दीड लाख यातच आहेत.

तिसरं, २,५९,५०० रुपयांच्या जमा नोंदी आहेत, म्हणजे मालपरतीच्या क्रेडिट नोट आणि पार्ट्यांनी आधीच पाठवलेली रक्कम. क्रेडिट नोट टाकताना मूळ बिलाचा संदर्भ (‘Agst Ref’) निवडला तर ते बिल कमी होतं. ‘New Ref’ निवडला तर क्रेडिट नोट स्वतःच एक वेगळा जमा संदर्भ होऊन बसते आणि देण्याच्या बाजूच्या रिपोर्टमध्ये, बिल्स पेएबलमध्ये, जाऊन दिसते.

दोन लाख, सात लाख शहाऐंशी हजार आणि दोन लाख एकोणसाठ हजार पाचशे. बेरीज १२,४५,५००. फरक पैशापर्यंत जुळला.

निर्णय: बिल्स रिसीव्हेबल हा या कामाचा मूळ रिपोर्ट होऊ शकत नाही. त्याऐवजी ग्रुप आउटस्टँडिंग्ज, ग्रुप संड्री डेटर्स, पार्टीवार आणि बिलांच्या तपशिलासकट. त्यात सूत व्यापारी येत नाही, आणि प्रत्येक पार्टीखाली ऑन अकाउंटची ओळ आणि जमा संदर्भ दोन्ही येतात.

१० जुलै, गुरुवार

नवा एक्सपोर्ट वाचला आणि बेरीज आली ८२,७५,३००. ताळ्यापेक्षा २०,९१,००० जास्त. जुन्या रिपोर्टपेक्षाही वाईट.

या आकड्याकडे जरा नीट बघितलं की उत्तर त्यातच आहे. २०,९१,००० चे निम्मे १०,४५,५००. आणि परवा मोजलेलं ऑन अकाउंट अधिक जमा नोंदी, म्हणजे ७,८६,००० अधिक २,५९,५००, बरोबर १०,४५,५००. फरक जमा रकमेच्या नेमका दुप्पट असेल तर जे वजा व्हायला हवं ते बेरजेत गेलं आहे. हिशेबाच्या लोकांची ही जुनी खूण आहे, काकांनी आकडा ऐकताच पेन खाली ठेवून “चिन्ह उलटलंय,” म्हटलं.

चिन्ह कुठे हरवलं ते एक्सेलमध्ये दिसतं. फाइल उघडून हुबळीच्या ऑन अकाउंटच्या ओळीवर गेलं की सेलमध्ये `150000.00 Cr` दिसतं. तोच सेल निवडून वर फॉर्म्युला बारमध्ये बघितलं तर नुसतं `150000`. म्हणजे `Cr` ही अक्षरं सेलच्या किमतीत नाहीतच. ती आकड्याच्या फॉरमॅटमध्ये आहेत, जसा आपण सेलला रुपयाचं चिन्ह लावतो तशी. पांडासचं `read_excel` फक्त किंमत वाचतं, फॉरमॅट टाकून देतं, आणि जमा रक्कम निमूटपणे नावे होऊन बसते. कुठलाही एरर येत नाही. एक्सेलमधली `SUM` सुद्धा हेच करते, त्यामुळे ‘मी एक्सेलमध्ये बेरीज करून बघितली, तीही तेवढीच आली’ हा काही पुरावा होत नाही.

म्हणून रकमेचा कॉलम `openpyxl` ने वाचायचा आणि फॉरमॅट तपासायचं:

```python
from openpyxl import load_workbook

ws = load_workbook("group_os.xlsx").active

def signed(cell):
    if cell.value in (None, ""):
        return 0.0
    amt = float(cell.value)
    return -amt if "Cr" in cell.number_format else amt
```

यानंतर बेरीज ६१,८४,३००. ताळा जुळला.

ही तुलना प्रोग्राममध्येच टाकली. संड्री डेटर्सची शिल्लक काकांनी हाताने भरायची, आणि ती एका रुपयापेक्षा जास्त फरकाने जुळली नाही तर यादी बनतच नाही. फाइल कुणी एकदा सीएसव्ही करून दिली तरी फॉरमॅट गळून पडण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं तर या दाराशीच अडेल.

बाकीचं वाचन सोपं होतं. पार्टीचं नाव एका ओळीत ठळक आणि तिची बिलं खाली नावाशिवाय, म्हणून नाव खाली उतरवत न्यायचं. पार्टीच्या ओळीवरची एकूण रक्कम बिलांबरोबर मोजली जाऊ नये म्हणून ती वेगळी ठेवली. तिचाही उपयोग आहे: प्रत्येक पार्टीच्या बिलांची बेरीज त्या ओळीशी जुळते का हेही तपासता येतं.

१२ जुलै, शनिवार

आज दिवस मोजण्याचं काम. वय कुठून मोजायचं यावर काका आणि मामा यांच्यात चांगलीच जुंपली. काकांचा रिपोर्ट बिलाच्या तारखेपासून मोजतो. मामा म्हणतात, “मुदत संपायच्या आधी फोन केला तर पार्टी मला काय म्हणेल?” दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. बँकेला आणि सीएला बिलाच्या तारखेपासूनचं वय लागतं. फोन करणाऱ्याला मुदतीच्या तारखेपासूनचं. टॅलीतही वयवार रिपोर्टला दोन्ही पर्याय आहेत. यादी वसुलीची आहे, म्हणून देय तारखेपासून.

पण देय तारीख किती खरी हे बघणं भाग होतं. ज्या पार्टीच्या खात्यात उधारीचे दिवस भरलेले नाहीत तिच्या बिलाची देय तारीख टॅली बिलाचीच तारीख धरते. म्हणजे काल माल पाठवला आणि आज पार्टी थकबाकीदार. असे ओळखायला सोपे आहेत, बिलाची तारीख आणि देय तारीख एकच असलेली बिलं गाळून काढायची. चाटी गल्लीतले रोखीचे दुकानदार खरोखरच शून्य मुदतीचे आहेत, बाकीच्यांची यादी काकांना दिली. त्यांनी खात्यात ४५ भरले, पण त्याने पुढची बिलं सुधारतील, आधी टाकलेल्या बिलांवरची मुदत आपोआप बदलत नाही. जुन्या बिलांसाठी मी पार्टीवार दिवसांचं छोटं कोष्टक ठेवलं आहे.

गट असे:

```python
edges  = [-10**6, 0, 30, 60, 90, 10**6]
labels = ["मुदतीत", "1-30", "31-60", "61-90", "90+"]

df["overdue"] = (as_on - df["due"]).dt.days
df["bucket"]  = pd.cut(df["overdue"], bins=edges, labels=labels)
```

`pd.cut` प्रत्येक गटाची वरची कड आत धरतं. म्हणून आजच मुदत संपणारं बिल (शून्य दिवस) ‘मुदतीत’ राहतं आणि ३० वा दिवस पहिल्याच गटात. हे मामांना तोंडी सांगून घेतलं, कारण कडेवरच्या बिलावरूनच वाद होतात. `as_on` ही रिपोर्टची तारीख आहे, आजची नव्हे. ३० जूनची रक्कम आणि १२ जुलैचे दिवस असं मिसळलं तर त्या बारा दिवसांत आलेले पैसे न दिसता वय मात्र वाढलेलं दिसतं.

१४ जुलै, सोमवार

आता खरा गुंता: बिनसंदर्भाच्या जमा रकमेचं करायचं काय. हुबळीच्या खात्यावरच बसून ठरवलं. ३० जूनला त्यांची स्थिती, ४५ दिवसांची मुदत धरून:

१२ फेब्रुवारीचं बिल १,१८,०००, मुदत २९ मार्च, उलटून ९३ दिवस.
२० मार्चचं बिल ८४,०००, मुदत ४ मे, उलटून ५७ दिवस.
२८ एप्रिलचं बिल ९६,५००, मुदत १२ जून, उलटून १८ दिवस.
५ जूनचं बिल ७२,०००, मुदत २० जुलै, अजून मुदतीत.
जमा बाजूला २१ मेला आलेले १,५०,००० ऑन अकाउंट आणि मालपरतीची ६,५०० ची क्रेडिट नोट.

नुसती बिलं बघितली तर थकीत २,९८,५०० आणि त्यातले १,१८,००० नव्वद दिवसांच्या पुढे. मामांच्या हातात हेच पडत होतं. चिन्ह हरवलेल्या बेरजेत तर याच पार्टीकडे ५,२७,००० येणे दिसत होते. खरी शिल्लक २,१४,०००.

क्रेडिट नोट कशाची ते काकांच्या फाइलमध्ये सापडलं, एप्रिलच्या बिलातला माल परत आला होता. तेव्हा ते बिल ९०,००० वर आलं. दीड लाख जुन्यापासून लावले तर फेब्रुवारीचं बिल पूर्ण फिटतं, उरलेले ३२,००० मार्चच्या बिलात जातात आणि तिथे ५२,००० उरतात. म्हणजे थकीत १,४२,०००: ५२,००० एकतीस ते साठच्या गटात आणि ९०,००० एक ते तीसच्या गटात. नव्वदच्या पुढे काहीच नाही. तीच पार्टी, तेच खातं, पण मामांनी फोनवर बोलायचं वाक्य पूर्ण बदललं.

```python
def apply_credit(bills, credit):
    for b in sorted(bills, key=lambda x: x["due"]):
        used = min(b["net"], credit)
        b["net"] -= used
        credit -= used
    return credit   # उरलं तर पार्टीचा ॲडव्हान्स
```

जुन्यापासून लावणं हा अंदाज आहे, हे विसरून चालणार नाही. इंदूरच्या एका पार्टीच्या खात्यात ऑन अकाउंट ६३,४०० आहेत, आणि त्यांच्याकडचं मे महिन्यातलं एक बिल बरोबर ६३,४०० चं आहे. जानेवारीचं जुनं बिल तसंच उघडं. इथे पैसे जुन्याला लावले तर जानेवारीचं बिल बऱ्यापैकी फिटल्यासारखं दिसेल, आणि पार्टीने ते मुद्दाम अडवून ठेवलं आहे ही गोष्ट झाकली जाईल. मामांना विचारलं तर कारण त्यांना माहीत होतं: टॉवेलचं वजन कमी भरलं अशी तक्रार होती आणि त्याचा निकाल लागलेला नाही. असं बिल तगाद्याने सुटत नसतं, आधी तक्रार मिटवावी लागते.

म्हणून नियम असा केला. बिनसंदर्भाची जमा रक्कम पार्टीच्या एखाद्या उघड्या बिलाशी, किंवा लागून असलेल्या दोन-तीन बिलांच्या बेरजेशी, पैशापर्यंत जुळत असेल तर प्रोग्रामने ती लावायचीच नाही. ओळीवर ‘काकांना विचारा’ असा शेरा टाकायचा. गोल रक्कम असेल, दीड लाखासारखी, तर जुन्यापासून लावायची. आणि कुठलीही रक्कम अंदाजाने लावली असेल तर यादीत ‘अंदाजाने लावलेले’ या कॉलममध्ये ती दिसलीच पाहिजे.

हे सगळं फक्त यादीपुरतं आहे. टॅलीतल्या नोंदी प्रोग्राम बदलत नाही. त्या काकांनीच पार्टीशी बोलून जुळवायच्या.

१६ जुलै, बुधवार

शेपटं. मोठ्या खरेदीदारांच्या खात्यात शंभर, दीडशे, दोनशे रुपयांची पुष्कळ जुनी बिलं पडली आहेत. बरीचशी कलम १९४क्यू ची, म्हणजे एकाच विक्रेत्याकडून वर्षाला ५० लाखांपेक्षा जास्त खरेदी करणारा मोठा खरेदीदार त्यावरच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापून पैसे देतो. जीएसटी सोडून एक लाखाच्या बिलावर शंभर रुपये. टीडीएसची नोंद बिलाशी जोडली नाही की तेवढंच बिल उघडं राहतं, आणि वर्षभरात ते नव्वद दिवसांच्या पुढच्या गटात जाऊन बसतं. रक्कम नगण्य, पण ‘सर्वात जुनं बिल’ या कॉलममध्ये हीच शेपटं वर येतात आणि चांगल्या पार्टीला बुडवी ठरवतात.

पाचशे रुपयांच्या आतली उरलेली बाकी वयाच्या हिशेबातून वगळली, बेरजेत ठेवली. काकांसाठी वेगळा शीट, टीडीएस आणि वटाव म्हणून जुळवायला. मर्यादा पाचशेच का, तर आमच्याकडचं लहानात लहान खरं बिलसुद्धा त्याच्या बरंच वर आहे. दुसऱ्या धंद्यात ही मर्यादा वेगळी येईल.

१८ जुलै, शुक्रवार

यादीचा आराखडा मामांबरोबर बसून केला. मी गटवार पाच कॉलम, टक्केवारी, रंग असं बरंच काही करून नेलं होतं. मामांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, आणि विचारलं, “मागच्या वेळी काय बोलला होता ते कुठंय?”

तेच महत्त्वाचं होतं. रिपोर्टमधून येतं ते फक्त पैशाचं आणि दिवसांचं. पार्टीने काय कबूल केलं ते मामांच्या डायरीत असतं. त्यामुळे यादीला दोन बाजू झाल्या. डावीकडची दर वेळी नव्याने बनते: पार्टी, एकूण येणं, थकीत, गटवार रक्कम, सर्वात जुन्या बिलाचे दिवस, शेवटचा भरणा कधी आणि किती. उजवीकडची मामा भरतात: शेवटचं बोलणं, कबूल केलेली तारीख, कबूल केलेली रक्कम, अडचण. ही बाजू वेगळ्या शीटमध्ये राहते आणि पार्टीच्या नावावरून जोडली जाते, नाहीतर नवी यादी काढली की मामांचं लिहिलेलं पुसलं जाईल.

नावावरून जोडण्यात धोका आहे. काकांनी टॅलीत खात्याचं नाव सुधारलं की जुना शेरा पोरका होतो. म्हणून जोडणी न झालेले शेरे यादीच्या खाली वेगळे छापायचे, गुपचूप गाळायचे नाहीत.

क्रम कसा लावायचा यावर माझं मत आधी सरळ होतं: जुनं आणि मोठं ते वर. मामांचं ऐकून ते बदललं. सर्वात वर कबूल केलेली तारीख उलटून गेलेले. मग एकतीस ते साठ दिवसांच्या गटात नव्याने आलेले. नव्वदच्या पुढचे त्यांच्या खाली. मामांचं म्हणणं असं की नव्वदच्या पुढे गेलेला माणूस फोनवर देत नाही, त्याच्याकडे अण्णांना स्वतः जावं लागतं किंवा माल बंद करावा लागतो. फोनने सुटणारं असतं ते मधलंच. तेव्हा नव्वदच्या पुढची नावं अण्णांच्या वेगळ्या पानावर, शेजारी ‘माल चालू की बंद’ एवढा एक रकाना.

सीएंनी आणखी एक कॉलम सुचवला: माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस उलटले का. आमचा कारखाना उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग आहे. एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळतो. मार्चच्या सुमारास फोनवर हे नुसतं आठवण करून दिलं तरी फरक पडतो, असं सीएंचं म्हणणं. कॉलम टाकला, पण दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे असतात आणि आमच्याकडे फक्त बिलाची तारीख आहे, म्हणून शीर्षकात ‘अंदाजे’ लिहिलं. कायद्यातलं व्याज लावायचा विषय निघाला तेव्हा अण्णांनी हात हलवून नाही म्हटलं. या मालाचे खरेदीदार पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, व्याज लावलं की नातं गेलं, असं त्यांचं गणित. ते त्यांनी ठरवायचं.

२१ जुलै, सोमवार

दुसरा एक्सपोर्ट, तारीख १५ जुलै. ताळा पहिल्याच फटक्यात जुळला.

हुबळीवाल्यांनी मधल्या काळात काहीच पाठवलं नाही. मार्चच्या बिलातले उरलेले ५२,००० आता ७२ दिवसांवर, म्हणजे एकसष्ट ते नव्वदमध्ये. एप्रिलचे ९०,००० तेहतीस दिवसांवर, एकतीस ते साठमध्ये. एक रुपया इकडचा तिकडे न होता दोन्ही रकमा एक गट पुढे सरकल्या. नुसती या वेळची यादी बघितली तर हे लक्षात येत नाही, म्हणून ‘मागचा गट’ असा कॉलम वाढवला. सगळी थकबाकी एकत्र बघताना हेच जास्त सांगून जातं: नव्वदच्या पुढची रक्कम वाढली ती नव्या विक्रीमुळे नाही, तर साठ-नव्वदमधले लोक खाली घसरल्यामुळे.

मामांनी या वेळी हुबळीला फोन केला तो असा: “तुमचे दीड लाख जमा आहेत, फेब्रुवारीचं फिटलं असं आम्ही धरलंय. मार्चचे बावन्न हजार राहिलेत, ते पाठवता का?” पलीकडून उत्तर आलं की दीड लाख खरोखरच जुन्यापासून धरायचे होते. काकांनी लगेच रिसीटमध्ये संदर्भ भरले, आणि त्या ओळीवरचा ‘अंदाजाने लावलेले’ चा आकडा शून्य झाला. मार्चच्या पैशांना ३१ जुलै ही तारीख दिली आहे.

इंदूरच्या ओळीवर अजून ‘काकांना विचारा’ आहे. वजनाच्या तक्रारीचं अण्णा बघणार आहेत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हुबळीचे ५२,००० काल आले, या वेळी रिसीटवर बिल नंबरासकट.

एक नवी भानगड मिळाली. हैदराबादच्या एका पार्टीची टॅलीत दोन खाती आहेत, एक जुन्या भागीदारी फर्मच्या नावाने आणि एक नव्या. बिलं एका खात्यात पडतात, पैसे दुसऱ्यात. पहिलं खातं नव्वदच्या पुढे, दुसरं जमा शिल्लक. ताळा अर्थातच जुळतो, कारण बेरीज बरोबरच आहे. ताळ्याने न पकडली जाणारी ही पहिली चूक. सध्या एकाच जीएसटी नंबरची दोन खाती शोधून दाखवायची तपासणी घातली आहे, पण फर्म बदलली की जीएसटी नंबरही बदलतो, त्यामुळे इथे ती उपयोगी पडली नाही. जमा शिल्लक असलेल्या सगळ्या पार्ट्यांची यादी काकांना वेगळी काढून दिली. त्यात नेहमी माल उचलणारं कुणी असेल तर जोडीचं खातं शोधायचं.

खाती एकत्र करायची का हे काका सीएंना विचारून ठरवणार आहेत. तोवर दोन्हींची बाकी यादीत एकाच ओळीत दाखवणारं जोडखात्यांचं कोष्टक केलं आहे, त्यात सध्या हीच एक जोडी आहे. पुढचा एक्सपोर्ट ३१ जुलैच्या तारखेचा, काका बँकेच्या नोंदी पुऱ्या करून सोमवारी देतील.